एक ड्राइव्ह, सहा मोटारी

लासलगाव-पिंपळगाव पट्ट्यातली एक कांद्याची ग्रेडिंग शेड डोळ्यांसमोर आणा. ट्रॉलीतून कांदा हॉपरमध्ये पडतो आणि तिथून एकापुढे एक अशा सहा कन्व्हेयरवरून सरकत जातो. प्रत्येक कन्व्हेयरला अर्ध्या एचपीची, म्हणजे ०.३७ किलोवॅटची, थ्री फेज गिअर मोटार आहे. कांदा ओला असला, किंवा निवडायला बायका कमी आल्या, की सगळी लाइन एकाच वेळी सावकाश चालवावी लागते. सहा मोटारींना सहा व्हीएफडी लावले तर खर्च वाढतो, सहांचा वेग जुळवत बसावं लागतं आणि पॅनेल कपाटाएवढं होतं. शिवाय सगळ्या पट्ट्यांचा वेग एकत्रच कमी-जास्त व्हायचा आहे. मग सहाही मोटारी एकाच ड्राइव्हच्या आउटपुटला समांतर जोडायला काय हरकत आहे?

काहीच हरकत नाही. ही जुनी आणि पूर्ण मान्य पद्धत आहे, आणि बहुतेक ड्राइव्हच्या मॅन्युअलमध्ये तिच्यासाठी एखादं पान असतं. ते पान लक्षपूर्वक वाचलं तर दोन अटी सापडतात. पहिली, प्रत्येक मोटारीला स्वतंत्र ओव्हरलोड संरक्षण द्या. दुसरी, सगळ्या मोटारींच्या केबलची एकूण लांबी अमुक मीटरच्या आत ठेवा. वाचताना या अटींचा एकमेकींशी काही संबंध वाटत नाही, पण शेडमध्ये उतरल्यावर त्या एकमेकींच्या आड येतात. संरक्षण वेगळं हवं म्हणून सहा रिले पॅनेलमध्ये बसवले, की तिथून सहा वेगळ्या केबल निघतात. सहा वेगळ्या केबल निघाल्या की लांबीची बेरीज फुगते. ती फुगली की रिले खोटे ट्रिप व्हायला लागतात. या प्रकरणात आपण हीच गाठ सोडवणार आहोत.

सुरुवात ड्राइव्हच्या निवडीपासून करू, कारण पहिली चूक तिथेच होते. सहा गुणिले ०.३७ म्हणजे २.२२ किलोवॅट, म्हणून २.२ किलोवॅटचा ड्राइव्ह घेतला जातो. ४१५ व्होल्टच्या २.२ किलोवॅट ड्राइव्हचं आउटपुट साधारण साडेपाच-सहा अँपिअर असतं. आपल्या मोटारीच्या नेमप्लेटवर १.१ अँपिअर लिहिलंय असं धरू. सहांचे झाले ६.६. लहान मोटारींचा पॉवर फॅक्टर आणि कार्यक्षमता दोन्ही मोठ्या मोटारीपेक्षा कमी असतात. त्यामुळे तेवढ्याच किलोवॅटची एकच मोटार जेवढा करंट घेईल, त्याहून सहा लहान मोटारी मिळून बराच जास्त घेतात. म्हणून इथे किलोवॅटची बेरीज करून भागत नाही, अँपिअरची करावी लागते आणि वर किमान दहा टक्के ठेवावे लागतात. म्हणजे सव्वासातच्या पुढे. त्याच्या वरचा उपलब्ध आकार ३.७ किलोवॅटचा, साधारण ९ अँपिअरचा. या केसमध्ये तोच घ्यायचा. उरलेली जागा वाया जात नाही. ती कुठे खर्च होते ते केबलचा विषय निघाला की कळेल.

ड्राइव्हमध्ये कंट्रोल मोड साधा व्ही-बाय-एफ ठेवायचा. व्हेक्टर मोडमध्ये ड्राइव्ह एका मोटारीचं गणिती रूप मनात धरून चालतो, आणि समोर सहा असल्या की ते रूप खोटं ठरतं. म्हणून ऑटो-ट्यूनिंग करायचं नाही आणि स्लिप कॉम्पेन्सेशन बंद ठेवायचं.

आता संरक्षण. प्रत्येक ड्राइव्हमध्ये इलेक्ट्रॉनिक ओव्हरलोड असतो. मग आणखी सहा रिले कशाला, हा प्रश्न मालक हमखास विचारतो आणि तो रास्त आहे. उत्तर आकड्यांत पाहू. नेहमीच्या मालावर प्रत्येक मोटार समजा ०.९५ अँपिअर घेते. ड्राइव्हमधला ओव्हरलोड आपण सहांच्या बेरजेवर, ६.६ वर, लावला आहे. चौथ्या पट्ट्याच्या ड्रमला गोणीचा सुतळा गुंडाळला गेला, बेअरिंग कोरडं पडलं आणि ती मोटार १.८ अँपिअर घ्यायला लागली. बाकीच्या पाच मिळून ४.७५ घेतात. एकूण ६.५५. ड्राइव्हच्या दृष्टीने सगळं ठीक आहे, कारण बेरीज मर्यादेच्या आत आहे. चौथी मोटार मात्र तिच्या क्षमतेच्या एकशे चौसष्ट टक्के करंटवर भाजते आहे. बाकीच्या पाचांनी न वापरलेलं सगळं माप तिच्या एकटीच्या वाट्याला गेलं. वजनकाट्यावर ट्रॉली उभी केली की एकूण वजन कळतं, पण आतल्या कुठल्या गोणीत किती भरलंय ते कळत नाही. ड्राइव्हचं नेमकं तसंच आहे.

दुसरी गोष्ट याहून फसवी आहे. एका मोटारीच्या टर्मिनल बॉक्समधला एक लग सैल झाला आणि तिचा एक फेज गेला. एका ड्राइव्हवर एकच मोटार असती तर आउटपुट फेज गेल्याचं ड्राइव्हला लगेच कळलं असतं. इथे त्या फेजमधून बाकीच्या पाच मोटारींचा करंट जातच असतो. ड्राइव्हला तीनही फेज भरलेले दिसतात. दोन फेजवर गुरगुरणारी ती एकटी मोटार फक्त तिच्या स्वतःच्या रिलेलाच कळू शकते.

म्हणून प्रत्येक मोटारीला १ ते १.६ अँपिअर रेंजचा, फेज गेल्याचं ओळखणारा थर्मल ओव्हरलोड रिले किंवा त्याच रेंजचा एमपीसीबी द्यायचा, आणि डायल १.१ वर, म्हणजे नेमप्लेटच्या करंटवर लावायचा. मी एमपीसीबीच्या बाजूने आहे. त्याच्या नॉबने ती मोटार वेगळी काढता येते आणि दोष शोधताना त्याचा फार उपयोग होतो. असा रिले १.०५ पटीला ट्रिप होता कामा नये आणि १.२ पटीला दोन तासांच्या आत ट्रिप झालाच पाहिजे, अशी आंतरराष्ट्रीय मानकाची अट आहे. दीडपटीला गरम रिले काही मिनिटांतच सुटतो. आपली सुतळा गुंडाळलेली मोटार वाइंडिंग जळण्याआधी थांबते ती यामुळे.

रिले ट्रिप झाल्यावर पुढे काय व्हावं, हे कामावर अवलंबून आहे. पोल्ट्रीच्या शेडमध्ये पंखे असतील तर एक बंद पडला म्हणून बाकीचे थांबवायचे नाहीत, फक्त घंटा वाजवायची. आपल्या लाइनवर मात्र चौथा पट्टा थांबला आणि तिसरा चालू राहिला तर दोन मिनिटांत कांद्याचा ढीग होईल. म्हणून सहाही एमपीसीबींचे ऑक्झिलिअरी कॉन्टॅक्ट, जे एमपीसीबी चालू असताना बंद असतात, एका ओळीत सिरीजमध्ये जोडायचे आणि ती २४ व्होल्टची वायर ड्राइव्हच्या एक्स्टर्नल फॉल्ट इनपुटला न्यायची. कुठलाही एक सुटला, किंवा ती वायर उंदराने कुरतडली, तरी ड्राइव्ह थांबतो. ही वायर मोटारीच्या केबलबरोबर एकाच पाइपात घालायची नाही. तसं केलं तर खोटे फॉल्ट येत राहतात.

ट्रिप झालेला एमपीसीबी परत वर करायचा तो ड्राइव्ह थांबलेला असतानाच. चालू ड्राइव्हवर मोटार जोडली की ती डायरेक्ट ऑन लाइन सुरू होते आणि क्षणभर पाच-सहा पट करंट ओढते. आपल्या केसमध्ये ती सिरीज वायर कोणी बायपास केली असेल तर हिशोब असा होतो: पाच मोटारींचे ४.७५ आणि सुरू होणारीचे साडेसहा, म्हणजे सव्वाअकरा. ९ अँपिअरचा ड्राइव्ह मिनिटभरासाठी दीडपट, म्हणजे साडेतेरा अँपिअर देऊ शकत असेल तर तो एक मोटार पचवेल. दोन एकदम जोडल्या तर ओव्हरकरंटवर पडेल. पण पचवतो म्हणून तशी सवय ऑपरेटरला लावू नये.

इथवर सगळं सरळ वाटतं. आता शेडमध्ये केबल ओढू. पॅनेल हॉपरशेजारच्या भिंतीला आहे, कारण मीटर तिथेच आहे. पहिली मोटार केबलने ६ मीटरवर, आणि पुढची प्रत्येक आणखी ५ मीटरवर. ६, ११, १६, २१, २६ आणि ३१ मीटर. सर्वांत लांब केबल ३१ मीटरची. मॅन्युअलमध्ये चोकशिवाय ५० मीटरची मर्यादा दिली असेल तर वायरमन निर्धास्त होतो, कारण ३१ पन्नासच्या आत आहे. पण ड्राइव्ह लांबी अशी मोजत नाही. त्याच्या दृष्टीने केबलची लांबी १११ मीटर आहे, सहांची बेरीज.

याचं कारण केबलच्या रचनेत आहे. ड्राइव्ह मोटारीला साइन वेव्ह देत नाही. सुमारे ५९० व्होल्टच्या डीसी बसचे तो सेकंदाला हजारो तुकडे करतो, आणि प्रत्येक तुकड्याची कड मायक्रोसेकंदाच्या दहाव्या भागात शून्यावरून माथ्यावर चढते. केबलचे तीन कोअर आणि अर्थ एकमेकांशेजारी असल्यामुळे संपूर्ण केबल हा एक लांब कपॅसिटर असतो. प्रत्येक कडेला तो भरावा लागतो आणि पुढच्या कडेला रिकामा करावा लागतो. हा भरणीचा करंट मोटारीपर्यंत पोचून काही काम करत नाही, पण ड्राइव्हच्या ट्रान्झिस्टरमधून तो जातोच. कड निघते त्या क्षणी केबलचा सर्ज इम्पिडन्स ८०-१०० ओहम असतो, म्हणजे एका केबलमध्ये सहा-सात अँपिअरचा झटका जातो. सहा केबल ड्राइव्हपासूनच समांतर निघाल्या असतील तर सहा झटके एकाच क्षणी पडतात. ९ अँपिअरच्या ड्राइव्हसाठी ते अगदी किरकोळ नाहीत. शिल्डेड किंवा आर्मर्ड केबलची कपॅसिटन्स जास्त, म्हणून तिच्यासाठी मॅन्युअलमधली मर्यादा आणखी कमी असते. ड्राइव्ह जितका लहान, तितकी ही मर्यादा सहसा आखूड.

मोटार मात्र लांबी वेगळ्या प्रकारे मोजते. तिला बेरजेशी देणंघेणं नाही, फक्त तिच्या स्वतःच्या केबलशी आहे. ही कड केबलमधून मायक्रोसेकंदाला साधारण १५० मीटर वेगाने धावते. मोटारीच्या टर्मिनलवर तिला केबलच्या मानाने फार मोठा इम्पिडन्स भेटतो, मोटार जितकी लहान तितका मोठा, आणि ती जवळजवळ पूर्ण परावर्तित होते. ०.१ मायक्रोसेकंदाच्या कडेसाठी हिशोब केला तर साडेसात मीटरनंतर हे परावर्तन पूर्ण जोर धरतं आणि टर्मिनलवरचा व्होल्टेज ५९० चा जवळजवळ दुप्पट, अकराशेच्या पुढे जातो. वाइंडिंगच्या पहिल्या काही वेढ्यांवर हा मार बसतो. जुन्या, रिवाइंड केलेल्या अर्ध्या एचपीच्या मोटारी ड्राइव्हवर टाकल्या की काही महिन्यांत त्यातली एखादी वेढ्यांमधल्या शॉर्टने जाते, आणि बहुधा ती लांबच्या टोकाची असते. इन्व्हर्टर ड्युटी इन्सुलेशनची मोटार घेण्यावर मी अडून बसतो ते याच कारणाने. थोडक्यात, ड्राइव्हची मर्यादा बेरजेची आणि मोटारीची एकेकीची. दोन्ही हिशोब वेगवेगळे मांडावे लागतात.

आता गाठ कशी बसते ते पाहा. शेडमध्ये सहा वेगळ्या केबल टाकल्या, रिले १.१ वर लावले. ऑपरेटरला मोटारींचा कर्कश आवाज नको होता म्हणून कॅरिअर फ्रिक्वेन्सी १२ किलोहर्ट्झवर ठेवली. लाइन तासभर चालली आणि सहाव्या मोटारीचा रिले पडला. मोटारीवर हात ठेवला तर ती कोमट. परत सुरू केलं, परत तासाभराने तेच. वायरमन रिले खराब म्हणून बदलतो. नवाही पडतो. मग तो डायल दीडवर नेतो आणि लाइन चालू लागते. त्या क्षणी संरक्षण संपलेलं असतं, कारण १.४ अँपिअरवर जळत राहणारी मोटार आता कोणी थांबवणार नाही.

खरं काय आहे ते पाहायला करंट दोन ठिकाणी मोजावा लागतो. ट्रू आरएमएस क्लॅम्प मीटर घ्या, शक्यतो ज्याची फ्रिक्वेन्सी रेंज मोठी आहे असा. साधा स्वस्त मीटर इथे काहीही दाखवतो. सहाव्या केबलचा एक फेज आधी पॅनेलमध्ये रिलेखाली मोजा, मग मोटारीच्या टर्मिनल बॉक्समध्ये. मोटारीपाशी ०.९५ आणि पॅनेलमध्ये १.३५ असं काहीसं दिसू शकतं. मधला फरक केबलच्या भरणीचा आहे. तो करंट मोटारीपर्यंत पोचतच नाही, पण रिलेच्या पट्टीतून जातो, आणि पट्टीला फक्त उष्णता कळते. १.३५ भागिले १.१ म्हणजे १.२३ पट. या करंटला रिले दोन तासांच्या आत सुटणारच. तो खराब नाही, त्याला जे दिसतंय त्यानुसार तो बरोबर वागतोय. लहान मोटारींवरच हा त्रास जास्त होतो याचं कारणही इथे आहे: केबलचा करंट लांबीवर ठरतो, मोटार १५ किलोवॅटची असो वा ०.३७ ची. मोठ्या मोटारीच्या २८ अँपिअरमध्ये तो बुडून जातो. एका अँपिअरच्या मोटारीत तो डोंगराएवढा होतो.

दोष फक्त केबलचा आहे की मोटारीचा, हे ठरवायची आणखी एक खात्रीची पद्धत आहे. ड्राइव्ह सुरू होताच ओव्हरकरंट किंवा ग्राउंड फॉल्ट दाखवत असेल तर सप्लाय बंद करून, डीसी बस उतरायला मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबून, सहाही केबल मोटारीच्या टोकाला सोडा आणि टोकं इन्सुलेट करा. केबल ड्राइव्हला तशाच राहू द्या. परत सुरू करा. मोटारी नसतानाही ट्रिप झाला तर एक्स्टर्नल फॉल्टची सिरीज वायर तेवढ्यापुरती बायपास करून एकेक एमपीसीबी बंद करून पाहा, अर्थात दर वेळी ड्राइव्ह थांबवून. एकाच केबलमुळे पडत असेल तर ती केबल कुठे तरी कापली गेली आहे. तीन-चार केबल जोडेपर्यंत चालतो आणि मग कुठलीही पुढची जोडली की पडतो, असं असेल तर केबल चांगल्या आहेत, लांबी जास्त झाली आहे.

उपाय करताना मी आधी पॅनेलच हलवतो. ड्राइव्ह आणि सहा एमपीसीबींचं पॅनेल भिंतीवरून उचलून तिसऱ्या आणि चौथ्या कन्व्हेयरच्या मध्ये, लाइनच्या पोटाशी नेऊन बसवायचं. आता मोटारी दोन्ही बाजूंना साडेतीन, साडेआठ आणि साडेतेरा मीटरवर येतात. बेरीज १११ वरून ५१ वर, आणि सर्वांत लांब केबल ३१ वरून साडेतेरावर. मीटरपासून पॅनेलपर्यंतची केबल लांबली, पण ती ड्राइव्हच्या इनपुटची आहे, साध्या ५० हर्ट्झची. तिला ही मर्यादा लागू नाही, फक्त व्होल्टेज ड्रॉप पाहायचा. शेडच्या मध्यात कांद्याची टरफलं आणि धूळ उडत असते, म्हणून पॅनेल आयपी ५४ चं हवं. फिल्टर असलेला पंखा टरफलांनी आठवड्यात बुजतो, त्यापेक्षा पंख्याशिवाय उष्णता बाहेर टाकेल असं मोठं पॅनेल बरं.

एकावन्न हा आकडा मर्यादेच्या काठावर, खरं तर एक मीटर बाहेर आहे. म्हणून ड्राइव्हच्या आउटपुटला, सहा फाटे फुटण्याआधी, एकच आउटपुट चोक बसवायचा, सगळ्यांच्या बेरजेच्या करंटचा. तो भरणीच्या झटक्याला आवर घालतो आणि कडेचा चढ थोडा सौम्य करतो. शेवटी कॅरिअर फ्रिक्वेन्सी ३-४ किलोहर्ट्झवर आणायची. त्यामुळे एकेका झटक्याची उंची कमी होत नाही, पण सेकंदाला पडणारे झटके एक तृतीयांशावर येतात आणि भरणीच्या करंटमुळे रिलेला जाणवणारी उष्णता त्याच प्रमाणात घटते. मोटारी थोड्या किणकिणतील. ग्रेडिंग शेडच्या गोंगाटात ते कोणाला ऐकू येत नाही.

हे सगळं झाल्यावर परत दोन ठिकाणी मोजायचं. पॅनेलमधला आणि मोटारीपाशीचा आकडा एक दशांश अँपिअरच्या आत आला पाहिजे. तो आला की डायल १.१ वर परत आणायचा. रिले आता मोटारीचाच करंट पाहतो आहे, म्हणून या आकड्यावर विसंबता येतं.

एक जागा मात्र हा रिले झाकू शकत नाही. ओल्या कांद्याच्या दिवसांत लाइन १५ हर्ट्झवर तासन् तास चालते. मोटारीचा पंखा तिच्याच शाफ्टवर आहे, तो तीन-दशांश वेगाने फिरतो आणि हवा जवळजवळ लागतच नाही. करंट ०.९५ च असतो, रिले शांत असतो, आणि वाइंडिंग तापत जातं. इथे वाइंडिंगमध्ये बसवलेला थर्मोस्टॅट हवा, ज्याला बाजारात क्लिक्सन म्हणतात. मोटार मागवतानाच तो मागायचा. त्याचा कॉन्टॅक्ट थंड असताना बंद असतो, त्यामुळे सहांचे कॉन्टॅक्ट एमपीसीबींच्या त्याच सिरीज वायरमध्ये ओवता येतात. पीटीसी थर्मिस्टर घेतले तर असं ओवता येत नाही. त्यांना वेगळा रिले लागतो आणि साधा रिले सहसा सिरीजमधले सहाच सेन्सर, म्हणजे दोन मोटारी, सांभाळतो.

राहिला हॉपरचा एलिव्हेटर. त्याची मोटार दीड किलोवॅटची, आणि मालक विचारतो की तीही याच ड्राइव्हवर का नाही. अँपिअरच्या बेरजेत मोठा ड्राइव्ह घेऊन ती बसवता येईल. पण मग ड्राइव्हमधला टॉर्क बूस्ट कोणासाठी लावायचा? भरलेला एलिव्हेटर उचलायला लागणारा बूस्ट अर्ध्या एचपीच्या मोटारींना कमी वेगात नाहक तापवतो, आणि त्यांना सोसेल एवढ्या बूस्टवर एलिव्हेटर भरलेल्या अवस्थेत उठत नाही. एका ड्राइव्हवर सारख्या मापाच्या, सारख्या कामाच्या, एकत्र सुरू होणाऱ्या मोटारीच घ्याव्यात. एलिव्हेटरला त्याचा स्वतःचा ड्राइव्ह द्यावा आणि त्याचा वेग लाइनच्या ड्राइव्हच्या अॅनालॉग आउटपुटवरून बांधून घ्यावा.